ओव्हरटाइमचे पैसे की बदली सुट्टी?

प्रश्न: "बेळगावच्या उद्यमबागेत माझी छोटी फौंड्री आहे, तासावर २२ माणसं. जादा काम झालं की मी पैशांऐवजी सुट्टी देतो. चालतं का? मंजुरी आणि नोंद कशी ठेवू?"

नाही चालत. जादा तासांना दुप्पट दर, आणि बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीला बदली सुट्टी. ही दोन वेगळी खाती आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्यात दुप्पट दर कलम ५९ मध्ये होता, बदली सुट्टी कलम ५३ मध्ये. नव्या श्रमसंहितेतही दोन्ही वेगळीच आहेत.

उदाहरण घ्या. दर तासाला १०० रुपये, सोमवार ते शनिवार रोज आठ तास, म्हणजे ४८. मंगळवारी भट्टीत रस तयार होता, ओतकाम थांबवता येईना, माणूस तीन तास जादा थांबला. त्याचे ६०० रुपये झाले, त्यावर सुट्टी लागू होत नाही.

आता रविवारचं. कायद्यातला आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणून रविवार हा पुढच्या आठवड्याचा पहिला दिवस. रविवारी आठ तास काम घेऊन त्याच बुधवारी सुट्टी दिलीत, तर आठवडा ४८ चाच राहतो. सुट्टी दोन आठवड्यांनी दिलीत, तर हा आठवडा ५६ चा होतो: आठ तास दुप्पट दराने १६०० रुपये, शिवाय सुट्टी द्यावीच लागते. म्हणून सुट्टी त्याच आठवड्यात उरकणं मालकालाच परवडतं. मुदत तो महिना आणि पुढचे दोन. ऑक्टोबरातला रविवार असेल तर ३१ डिसेंबर.

मंजुरीला एक चिठ्ठी पुरे. काम सुरू होण्याआधी सुपरवायझरने टोकन नंबर, कामाचं कारण आणि अंदाजे तास लिहायचे, कामगाराची संमतीची सही घ्यायची, मग मॅनेजरची. रात्री अडचण आली तर फोनवर मंजुरी, चिठ्ठी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. पण चिठ्ठी नाही म्हणून पैसे अडवू नका. काम करून घेतलं आहे, ते द्यावेच लागतात. जाब सुपरवायझरला विचारा. आमच्याकडे एका मालकाने वर्षभर असेच पैसे अडवले, शेवटी थकबाकी एकदम भरावी लागली.

नोंदीत चिठ्ठीचे तास आणि गेटवरचं पंचिंग रोज ताडून पाहा. पंचिंग नऊला, चिठ्ठी आठची, तर त्याच दिवशी विचारून कारण लिहा. महिनाअखेरीला कुणालाच आठवत नाही. बदली सुट्टीला वेगळी वही: सुट्टी बुडाल्याची तारीख, दिल्याची तारीख, कामगाराची सही. "शिल्लक" असा रकाना ठेवू नका, त्यातच सुट्ट्या साचून मुदत उलटते. त्याऐवजी "शेवटची तारीख" लिहा.

आणखी एक, आपल्या भागातलं. चिठ्ठी मराठीत, रजिस्टर कन्नड-इंग्रजीत असलं की एकाच माणसाची तीन स्पेलिंग होतात. टोकन नंबर सगळीकडे तोच असू द्या, तपासणीत जुळवायला तोच कामी येतो.