न्यायालय काय म्हणालं आणि लेखक काय म्हणतात

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझा सारांश वाचला. खासगीपणाला कायद्याने स्वतंत्र हक्क मानावं असं मांडणारा, सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या अमेरिकन वकिलांचा 'द राइट टू प्रायव्हसी' हा लेख निवडलास ते बरंच झालं. डिसेंबर १८९० च्या हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमधला हा लेख तिशीच्याही आत पानांचा आहे, पण त्यात लेखकांचं म्हणणं आणि त्यांनी दिलेले आधार इतके घट्ट विणलेले आहेत की ते सोडवायला शिकलं, की पुढचे लेख सोपे वाटतात.

तुझ्या पहिल्याच पानावर एक वाक्य आहे: 'प्रिन्स अल्बर्ट विरुद्ध स्ट्रेंज या खटल्यात न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मान्य केला.' मी तिथे लाल खूण केली आहे. वाक्य संपूर्ण चूक आहे असं नाही. पण ते बोलतंय कोण, हे त्यात कळत नाही. न्यायाधीश, वॉरन-ब्रँडाइस की तू?

आधी खटलाच पाहू. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी स्वतःच्या आनंदासाठी काही कोरीव चित्रं केली होती. छपाईसाठी दिलेल्या धातूच्या प्लेट्सवरून काढलेल्या जादा प्रती बाहेर फुटल्या आणि स्ट्रेंज यांच्या हाती लागल्या. त्यांनी प्रदर्शनाचा घाट घातला आणि चित्रांचं वर्णन करणारी एक सूची छापली. १८४९ मध्ये लॉर्ड कॉटनहॅम यांनी सूचीवरचा मनाई हुकूम कायम केला. त्यांनी दिलेली कारणं मुख्यतः दोन होती: चित्रं ही करणाऱ्याची मालमत्ता, आणि प्रती विश्वासभंग करून मिळवलेल्या. निकाल उभा आहे तो या दोन पायांवर.

आता लेखक काय करतात ते बघ. स्ट्रेंज यांनी एकही चित्र छापलं नव्हतं, फक्त वर्णन छापलं होतं. तरी न्यायालयाने बंदी घातली. मग लेखक विचारतात की संरक्षण नक्की कशाला मिळालं? यावर ते स्वतःचं एक उदाहरण रचतात. एखाद्याने मुलाला लिहिलेल्या पत्रात किंवा रोजनिशीत नोंदवलं, की अमुक दिवशी मी पत्नीसोबत जेवलो नाही. ते कागद कोणाच्या हाती पडले तरी त्याला मजकूर प्रसिद्ध करता येणार नाही, आणि मजकुराचा आशयही सांगता येणार नाही. म्हणजे इथे जपली जाते ती लेखनाची कलाकृती नव्हे, घरात घडलेली गोष्टच जपली जाते. ज्याला न्यायालयं मालमत्ता म्हणत आली, त्याच्या तळाशी खरं तर माणसाच्या व्यक्तित्वाची अखंडता आहे, हा त्यांचा निष्कर्ष आहे.

हा निष्कर्ष कॉटनहॅम यांचा नाही. जेवणाचं उदाहरणही कुठल्या खटल्यातलं नाही. दोन्ही लेखकांचं आहे. तू ते उदाहरण 'आधार' या मथळ्याखाली टाकलंस, ते तिथून काढ. कल्पित उदाहरण कितीही पटलं तरी तो युक्तिवादाचा भाग असतो.

एक अडचण मात्र तुझ्या बाजूने आहे, आणि ती तू मांडायला हवी होतीस. लेखक कॉटनहॅम यांचे शब्द उद्धृत करतात, की इथे भंग झाला तो खासगीपणाच्या हक्काचाच. मग तुझं वाक्य बरोबर नाही का? इथेच सावकाश वाच. ते शब्द निवाड्यात आहेत, पण हुकूम त्या एकट्या शब्दांवर टिकलेला नाही. मालमत्ता आणि विश्वासभंग काढून घेतले तर तो हुकूम निघाला असता का, हे निवाडा सांगत नाही. लेखक त्या वाक्याला जितका भार उचलायला लावतात, तितका न्यायाधीशांनी लावला नव्हता. सारांशात हे असं लिही: 'न्यायालयाने मालमत्ता आणि विश्वासभंग या आधारांवर मनाई दिली, ओघात खासगीपणाचा उल्लेख केला. लेखकांच्या मते खरा आधार तोच उल्लेख आहे.' वाक्यं दोनच, पण बोलणारे वेगळे दिसतात.

यावरून मी आधारांची नोंद कशी करते ते सांगते. प्रत्येक महत्त्वाच्या खटल्यापुढे तीन रकान्यांत तीन गोष्टी लिहायच्या: न्यायालयाने कोणता हुकूम दिला, स्वतः कोणतं कारण दिलं, आणि लेखकाने त्यातून काय काढलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात जिथे अंतर पडतं, तिथे लेखकाचा युक्तिवाद असतो. अंतर नसेल तर तो खटला फक्त टेकू म्हणून आलाय. सारांशात त्याला अर्धी ओळ पुरे. दुसरा रकाना लेखावरून भरायचा नाही, मूळ निवाडा उघडूनच भरायचा. लेखावरून भरलास तर दोन्ही रकाने सारखेच दिसतील आणि अंतर कधी सापडणारच नाही.

पोलार्ड विरुद्ध फोटोग्राफिक कंपनी, १८८८, हा खटला या पद्धतीने पाहा. एका बाईंनी पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला. छायाचित्रकाराने तो नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापून दुकानात लावला. न्यायालयाने मनाई केली. कारण दिलं ते असं, की फोटो काढण्याच्या करारातच एक न बोललेली अट असते, की प्रती ग्राहकासाठीच. शिवाय यात विश्वासभंगही आहे. पहिले दोन रकाने भरले. तिसऱ्यात लेखक म्हणतात, की पूर्वी समोर बसल्याशिवाय फोटो निघत नसे, तेव्हा कराराची कल्पना चालून गेली. आता क्षणात, माणसाच्या नकळत फोटो काढता येतो. तिथे करार कुणाशी झाला? म्हणून करार आणि विश्वास हे आधार अपुरे, आणि साऱ्या जगाविरुद्ध चालणारा हक्क मानावाच लागेल. हा लेखातला सर्वांत मजबूत सांधा आहे, असं मला वाटतं. तुझ्या सारांशात पोलार्डला एक ओळ मिळाली आणि वृत्तपत्रांच्या चहाटळपणावरच्या परिच्छेदाला अर्धं पान. उलटं कर. तो परिच्छेद कितीही रंगतदार असला तरी तिथे कायद्याचं पाऊल पुढे पडत नाही.

'एकटं राहू देण्याचा हक्क' हा शब्दप्रयोग तू ब्रँडाइस यांच्या नावावर टाकलास. लेखातच तो न्यायाधीश कूली यांचा म्हणून सांगितला आहे. कूली यांच्या अपकृत्यांवरच्या, म्हणजे भरपाई मागता येते अशा दिवाणी गैरकृत्यांवरच्या ग्रंथात तो येतो तो शरीराला हात न लावला जाण्याच्या संदर्भात. लेखकांनी तो उचलून वर्तमानपत्राच्या नजरेपर्यंत नेला. ग्रंथकाराचं मत हा दुय्यम आधार असतो, आणि इथे तर त्याचा विषयही थोडा वेगळा होता. तिसऱ्या रकान्यात हे नोंदवलंस तर वाचणाऱ्याला लेखकांची झेप दिसेल.

आता टीकेकडे वळू. तुझ्या सारांशाचा हा भाग सर्वांत गोंधळलेला आहे, कारण त्यात तीन जातींची टीका एकाच परिच्छेदात आली आहे.

पहिली जात म्हणजे लेखकांनी स्वतःच उभा केलेला आक्षेप. हे म्हणजे न्यायालयानेच कायदा बनवणं झालं, असं कोणी म्हणेल, हे ओळखून त्यांनी एका तळटीपेत उत्तर दिलंय, की जुनं तत्त्व नव्या परिस्थितीला लावणं म्हणजे कायदा बनवणं नव्हे. तू 'लेखावर टीका' म्हणून नोंदवलेला मुद्दा हाच आहे. पण तो लेखातच मांडून लेखातच खोडला आहे. त्याची जागा युक्तिवादात. हक्काच्या सहा मर्यादांचंही तसंच. सार्वजनिक हिताच्या मजकुराला हा हक्क आडवा येत नाही, माणसाने स्वतः गोष्ट जाहीर केली किंवा त्याच्या संमतीने ती जाहीर झाली की हक्क संपतो, मजकूर खरा आहे हा बचाव चालत नाही, वगैरे. लेखकांनीच आखलेली ही कुंपणं आहेत. त्यांना 'उणिवा' म्हणू नकोस.

दुसरी जात म्हणजे नंतर इतरांनी केलेली टीका. तिला नाव आणि साल हवंच. १९०२ मध्ये रॉबरसन खटल्यात न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने हा हक्क नाकारला. एका मुलीचं चित्र तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापलं होतं. बहुमताचं म्हणणं होतं, की जुन्या कायदेग्रंथांत असा हक्क सापडतच नाही, आणि तो मानला तर दाव्यांचा पूर येईल. म्हणजे लेखकांनी तळटीपेत निकालात काढलेला आक्षेपच न्यायालयाने मान्य केला. पुढच्याच वर्षी त्या राज्याच्या विधिमंडळाने व्यापारासाठी दुसऱ्याचं नाव किंवा चित्र वापरण्याविरुद्ध कायदा केला, आणि १९०५ मध्ये जॉर्जियाच्या न्यायालयाने पावेसिक खटल्यात हक्क मान्य केला. कायद्याचे अभ्यासक विल्यम प्रॉसर यांची १९६० ची टीका वेगळ्या बाजूने येते. त्यांच्या मते हा एक हक्क नव्हेच. एका नावाखाली चार वेगवेगळी अपकृत्यं एकत्र आली आहेत: एकांतात घुसखोरी, खासगी गोष्टी उघड करणं, खोटं चित्र उभं करणं आणि नावा-रूपाचा स्वतःच्या फायद्यासाठी वापर. रॉबरसनचा वार लेखकांच्या आधारांवर आहे, तर प्रॉसर यांचा व्यक्तित्वाच्या एकसंध कल्पनेवर. टीका नेमकी कोणत्या पायरीवर आदळते ते लिहिलंस की ती आपोआप जागी बसते.

तिसरी टीका तुझी. तिला वेगळा परिच्छेद आणि 'माझ्या मते' एवढे दोन शब्द दे. लेखकांनी सार्वजनिक आणि खासगी यांमधली रेषा धूसर ठेवली, हे तुझं निरीक्षण मला पटलं, पण ते प्रॉसर यांच्या वाक्याला चिकटवल्यामुळे त्यांचं वाटतं.

जाता जाता, वॉरन यांच्या मुलीच्या लग्नाच्या बातम्यांमुळे हा लेख लिहिला गेला, ही ओळ पूर्ण काढून टाक. वॉरन यांचं स्वतःचंच लग्न १८८३ चं. १८९० मध्ये मुलीचं लग्न कुठून होणार? ही गोष्ट प्रॉसर यांच्या लेखातून पसरली आणि अजून फिरते आहे. ती खरी असती तरी युक्तिवाद, आधार, टीका यांपैकी कशातच बसली नसती.

नवा मसुदा दोन पानांत बसव. अर्ध्याहून जास्त जागा मालमत्तेपासून व्यक्तित्वापर्यंतच्या आणि करारापासून जगाविरुद्धच्या हक्कापर्यंतच्या त्या दोन पायऱ्यांना दे. रकान्यांचा कागद सोबत जोड. मी आधी तोच वाचेन, आणि दुसरा रकाना निवाड्यांच्या पानांशी पडताळून पाहीन.

तुझी,
मार्गदर्शिका