पिनकोडवरून झोन पाडायचे तर खान्देशात पहिले तीन आकडे पुरत नाहीत

प्रश्न: माझा धुळ्यात पापड-मसाल्याचा घरगुती धंदा आहे. ऑर्डरी एक्सेलमध्ये लिहिते. कोणत्या भागात कुरिअरला किती पैसे जातात ते बघायला पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवर गट पाडले, तर ४२४ आणि ४२५ असे दोनच मोठे ढीग झाले आणि काहीच कळेना. गट कसे पाडू?

उत्तर:

ताई, जळगावात वहिनीचा बिबडे-पापडांचा असाच धंदा आहे आणि त्याचा हिशोब मी बघतो. मीही तीन आकड्यांपासूनच सुरुवात केली होती, म्हणून आधी ते का फसतं ते सांगतो.

पिनकोडचे पहिले तीन आकडे टपाल खात्याचा सॉर्टिंग जिल्हा सांगतात. तो महसुली जिल्हा नव्हे. पत्रं कुठे वेगळी करायची या सोयीने १९७२ साली ही रचना झाली. नंदुरबार जिल्हा तर धुळ्यातून १९९८ साली वेगळा निघाला, त्यामुळे पिनकोडात त्याचा मागमूस नाही. चाळीसगाव (४२४१०१), पाचोरा (४२४२०१) आणि जामनेर (४२४२०६) जळगाव जिल्ह्यातले, पण पिन धुळ्यासारखा ४२४चा. उलट शिरपूर (४२५४०५) आणि दोंडाईचा (४२५४०८) तुमच्या धुळे जिल्ह्यात, पण पिन ४२५चा. चार आकडे घेतले तरी सुटका नाही. ४२५४ने सुरू होणाऱ्यांत अमळनेर जळगावचं, शिरपूर धुळ्याचं आणि शहादा नंदुरबारचं. म्हणजे एका गटात तीन जिल्हे.

शेजारचा आकडा म्हणजे शेजारचा खर्च, असंही नाही. धडगाव ४२५४१४ आणि अक्कलकुवा ४२५४१५. आकड्यांत फरक एकाचा, पण अक्कलकुवा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर आहे आणि धडगावला सातपुड्याचा घाट चढून जावं लागतं. हे कुठल्याही सूत्राला पिनकोडवरून कळणार नाही. ते तुम्हालाच लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहून ठेवायची जागा म्हणजे जोडतक्ता.

वेगळ्या शीटवर दोन स्तंभ करा, A मध्ये पिनकोड आणि B मध्ये झोन. शीटला `Zones` नाव द्या. देशातले सगळे पिन भरत बसू नका. गेल्या सहा महिन्यांत ज्या पिनवर माल गेला तेवढेच घ्या, आमचे साठच्या आत भरले. झोन जिल्ह्यावरून ठरवू नका, खर्च कशाने बदलतो त्यावरून ठरवा. खान्देशापुरते आम्ही तीनच ठेवले: 'जळगाव-भुसावळ', 'मैदान' आणि 'सातपुडा'. मैदानात अमळनेर, शिरपूर, शहादा, नंदुरबार, चाळीसगाव, धुळे सगळे येतात, कारण कुरिअरवाला त्यांना जवळपास सारखाच दर लावतो. तुमचा पहिला झोन अर्थातच धुळे शहर. पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी असतील तर त्यांचा झोन वेगळा करा.

टपाल खात्याची पिनकोडची पूर्ण यादी data.gov.in वर मिळते. गावाचं नाव आणि जिल्हा तपासायला ती उत्तम आहे, पण तिलाच जोडतक्ता करू नका. त्या यादीत एक ओळ म्हणजे एक टपाल कार्यालय. एका पिनखाली मुख्य गावाचं कार्यालय आणि त्याच्या हाताखालची खेड्यांची कार्यालयं येतात, म्हणून तोच पिन कितीदा तरी दिसतो. `VLOOKUP` पहिली ओळ उचलून गप्प बसतं. पण पॉवर क्वेरीत ती यादी ऑर्डरींशी जोडलीत, तर एका ऑर्डरीच्या दहा ऑर्डरी होतात आणि खर्चही दहापट फुगतो. जोडतक्त्यात एक पिन एकदाच आला पाहिजे. बाजूच्या स्तंभात `=COUNTIF(A:A,A2)` टाका. कुठे २ दिसला तर त्या पिनच्या दोन ओळींतली एक काढा.

आता ऑर्डरींच्या शीटकडे. तिला `Orders` नाव द्या. समजा B मध्ये ऑर्डर क्रमांक, C मध्ये ग्राहकाने दिलेला पिन आणि F मध्ये कुरिअरचा खर्च आहे. पिन जसाच्या तसा शोधायला गेलात तर निम्मे सापडणार नाहीत. कोणी '425 405' असं मधे जागा सोडून लिहितं. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वेबसाइटवरून चिकटवलेल्या पिनमागे कधी न दिसणारी मोकळी जागा येते, आणि ती `TRIM`ने जात नाही. शिवाय एका शीटवर पिन मजकूर म्हणून आणि दुसऱ्यावर संख्या म्हणून असेल, तर डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण एक्सेलच्या लेखी ते वेगळे. पिन खान्याच्या डाव्या कडेला चिकटलेला असेल तर तो बहुधा मजकूर, उजवीकडे असेल तर संख्या. म्हणून D मध्ये साफ केलेला पिन ठेवा आणि E मध्ये झोन. जोडतक्त्यातले पिनही संख्या म्हणूनच लिहा:

```
D2: =VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(C2," ",""),CHAR(160),""))
E2: =IFERROR(VLOOKUP(D2,Zones!A:B,2,FALSE),"नोंद नाही")
```

शेवटचा `FALSE` विसरू नका. तो नसला तर तक्त्यात नसलेल्या पिनला एक्सेल त्याच्या खालचा जवळचा पिन शोधून त्याचा झोन देतं. धडगावचा ४२५४१४ तक्त्यात भरायचा राहिला तर ते तळोद्याच्या ४२५४१३ चा झोन, म्हणजे 'मैदान', बिनबोभाट लावून मोकळं होतं. कुठे लाल खूण नाही, सूचना नाही. माझा एक अख्खा महिना असा गेला. आणि 'नोंद नाही'ऐवजी 'इतर' लिहू नका. 'इतर' दिसलं की माणूस तिकडे बघत नाही. 'नोंद नाही' दिसलं की हात आपोआप तक्त्याकडे जातो.

गोषवाऱ्यासाठी पिव्होट टेबल चालेल, नाहीतर H मध्ये झोनची नावं लिहून प्रत्येकापुढे `=SUMIFS(Orders!F:F,Orders!E:E,H2)`. ऑर्डरी मोजताना मात्र ओळी मोजू नका. पापडाची मोठी ऑर्डर दोन खोक्यांत गेली की तिच्या दोन ओळी होतात. G मध्ये `=IF(COUNTIF($B$2:B2,B2)=1,1,0)` टाकलं की प्रत्येक ऑर्डरीच्या पहिल्याच ओळीला १ मिळतो. झोनवार G ची बेरीज म्हणजे खऱ्या ऑर्डरी.

यातून काय दिसतं ते आमच्या एका महिन्यावरून सांगतो. आकडे सोयीसाठी गोल केलेत आणि फक्त ४२५च्या पिनचे घेतलेत. ऑर्डरी २००, कुरिअरचा खर्च १२,३०० रुपये, म्हणजे ऑर्डरीमागे साडेएकसष्ट. ग्राहकाकडून आम्ही सरसकट ६० घेत होतो, तेव्हा तीनशे रुपयांचा तोटा. वहिनी म्हणाली, "एवढं तर चालतंच." मग झोन लावले:

| झोन | ऑर्डरी | खर्च | ऑर्डरीमागे |
|---|---|---|---|
| जळगाव-भुसावळ | ११० | ४,९५० | ४५ |
| मैदान | ७० | ४,५५० | ६५ |
| सातपुडा | २० | २,८०० | १४० |

जळगाव-भुसावळच्या गिऱ्हाइकांकडून आम्ही १,६५० रुपये जास्त घेत होतो आणि त्यातले १,६०० सातपुड्याच्या वीस पार्सलांवर घालत होतो. मैदानात वरून ३५० जात होते. शेवटच्या स्तंभाची सरासरी मात्र काढू नका. ४५, ६५ आणि १४० यांची सरासरी ८३ येते, खरा आकडा साडेएकसष्ट आहे. एकूण खर्चाला एकूण ऑर्डरींनीच भागायचं.

आम्ही जळगाव-भुसावळला ५० केले आणि मैदानाला ६५. "धडगावले पार्सल येई का, भाऊ?" असा फोन आला की आता कुरिअरऐवजी टपालाने पाठवतो. टपाल सगळ्या पिनवर जातं. दिवस जास्त लागतात, पण पापड-बिबड्यांना त्याचं काय? वहिनीला धडगावच्या गिऱ्हाइकाकडून १४० घ्यायचे नव्हते, आणि ते बरोबरच होतं.

एक चूक मला तीन महिने सापडली नाही, ती परत आलेल्या पार्सलांची. मी खर्चाची ओळ कुरिअरच्या बिलातून पिनसकट उचलायचो. धडगावला कोणी पार्सल घेतलं नाही की ते परत येतं आणि परतीचं भाडंही लागतं. पण बिलात त्या ओळीवर पोहोचवायचा पिन म्हणून आमचाच ४२५००१ असतो! म्हणजे सातपुड्यातून परत आलेल्या मालाचा भुर्दंड 'जळगाव-भुसावळ'च्या खात्यावर. शहरातला खर्च का वाढतोय म्हणून मी कुरिअरच्या पोरांशी भांडत बसलो, ते बिचारे काय सांगणार! आता बिलातून फक्त ऑर्डर क्रमांक आणि रक्कम घेतो, पिन आमच्या ऑर्डर वहीतून ऑर्डर क्रमांकावरून आणतो. परतीच्या ओळीला तोच जुना ऑर्डर क्रमांक दिला की खर्च बरोबर झोनमध्ये पडतो, आणि G मध्ये तिला शून्य मिळाल्याने ऑर्डरींची संख्याही वाढत नाही.

महिनाअखेरीस एकच ताळा घ्या: सगळ्या झोनांच्या खर्चाची बेरीज, 'नोंद नाही' धरून, कुरिअरच्या बिलाच्या रकमेइतकी आली पाहिजे. जास्त आली तर बिलातली एखादी ओळ दोनदा चिकटवली असेल किंवा, पॉवर क्वेरीने जोडत असाल तर, जोडतक्त्यात पिन दोनदा असेल. कमी आली तर बिलातली ओळ सुटली असेल किंवा एखाद्या झोनचं नाव दोन जागी वेगळं लिहिलं असेल. आमच्याकडे 'सातपुडा' आणि 'सातपूडा' असे दोन झोन होते. ताळा जुळला की E स्तंभ कॉपी करून त्याच जागी फक्त मूल्यं म्हणून चिकटवा. नाहीतर पुढे एखादा पिन मैदानातून सातपुड्यात टाकलात की मागच्या सगळ्या महिन्यांचे आकडे हलतात.

एक गोष्ट मात्र या तक्त्याने साधत नाही. एका पिनमध्ये रस्त्यावरचं गाव आणि आत डोंगरातलं खेडं दोन्ही असू शकतात, आणि कुरिअरवाला दोघांना वेगळा दर लावतो. तळोदा किंवा अक्कलकुव्याच्या पिनवर एखादी ऑर्डर अचानक दुप्पट महाग दिसली तर आधी पत्त्यातलं गाव वाचा. अशी गावं चार-पाचच असतील तर त्या ओळींवर झोन हाताने लिहा आणि खान्याला पिवळा रंग द्या, म्हणजे सूत्र परत खाली ओढताना त्या ओळी लगेच दिसतील आणि वगळता येतील, नाहीतर हाताने लिहिलेला झोन पुसला जातो.