लग्नाच्या वाढदिवसाचं पत्र, ती नसताना

काका, मायन्यात ‘कै. सौ.’ नको, ते पत्रिकेत आणि फोटोखाली शोभतं. घरात ‘अगं’ म्हणत असाल तर ‘अगं,’ असंच सुरू करा. पहिल्या खर्ड्यात हमखास होणारी चूक म्हणजे ‘तू’ची मध्येच ‘ती’ होते: ‘ती फार सोशिक होती.’ तिथे पत्र संपतं आणि शोकसभेतलं भाषण सुरू होतं. लिहून झाल्यावर प्रत्येक ‘ती’ आणि ‘होती’ शोधा, त्यातली तिच्याबद्दलची वाक्यं बदला. ‘सहचारिणी’, ‘पोकळी’ हेही शब्द खोडा. तिच्याशी बोलताना ते कधी वापरले होते का?

‘तुझ्याविना घर सुनं वाटतं’ हे वाक्य कुणाचंही असू शकतं. त्याऐवजी: ‘अजून दोन कपांचंच आधण ठेवतो. उरलेला चहा दहा वाजता गरम करून पितो. तुला गरम केलेला चहा आवडत नसे, माहीत आहे.’ इथे दुःख हा शब्द नाही, तरी कळतं. अशी एकच गोष्ट घ्या. चार घेतल्यात तर यादी होते.

एक पान पुरे. शेवटी ‘आत्म्यास शांती’ नको. तिला सांगितली असती अशी आजची बातमी द्या: ‘कढीपत्त्याला नवी पालवी आलीय.’ आणि खाली सही.