‘मोजमाप करण्यात आले’ऐवजी ‘मोजले’

प्रश्न: बी.एस्सी.ला आहे, कोल्हापूर. रंकाळ्याच्या पाण्याचा प्रकल्प-अहवाल मराठीत लिहिलाय. सर म्हणतात, “पाल्हाळ फार आहे, निम्मं काढ.” पण सगळंच गरजेचं वाटतं. नेमकं काय काढू?

मी इथेच एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतो, त्यामुळे असे अहवाल दरवर्षी गठ्ठ्याने वाचतो. पाण्याच्या प्रकल्पात दुष्फेनता काढण्याचा भाग बहुधा असतोच. तो बऱ्याचदा असा लिहिलेला असतो:

“सदर प्रयोगामध्ये सर्वप्रथम ५० मिली पाण्याच्या नमुन्याचे मोजमाप करून त्याचे शंकुपात्रामध्ये स्थानांतरण करण्यात आले. त्यानंतर त्यामध्ये योग्य प्रमाणात बफर द्रावणाची भर घालण्यात आली व एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाचा वापर करण्यात आला. ईडीटीए द्रावणाच्या साहाय्याने अनुमापनाची क्रिया करण्यात आली असता रंगामध्ये बदल झाल्याचे दिसून आले.”

पेन्सिल घ्या आणि ‘करून’, ‘करण्यात’, ‘घालण्यात’, ‘झाल्याचे’ या शब्दांखाली रेघ ओढा. मग त्यांच्या आधीचं नाम बघा: मोजमाप, स्थानांतरण, भर, वापर, बदल. प्रयोगात हाताने जे काम केलं ते या नामांत अडकलंय, आणि वाक्याच्या शेवटी उरलंय नुसतं ‘करण्यात आले’. त्या नामातलं काम बाहेर काढून क्रियापद करा. बाकावर शेजारी बसलेल्याने “काय केलंस सांग की” म्हटलं, तर तुम्ही “स्थानांतरण करण्यात आलं” म्हणणार नाही. “पन्नास मिली घेतलं, बफर घातलं” म्हणाल. अहवालात तेच क्रियापद हवं:

“पिपेटने ५० मिली नमुना शंकुपात्रात घेतला. त्यात १ मिली बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टीचे २ थेंब घातले. ०.०१ मोलर ईडीटीएने अनुमापन केले; ९.२ मिली घातल्यावर लाल रंग निळा झाला.”

पंचेचाळीस शब्दांचे एकोणतीस झाले. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की आधी नसलेले चार आकडे आता आले आहेत (आकडे उदाहरणापुरते, तुमचे तुमच्या वहीतून घ्या). ‘योग्य प्रमाणात’ असं लिहिलं की किती घातलं ते सांगायचं राहून जातं आणि लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. ‘बफर घातले’ म्हटलं की लगेच ‘किती?’ असा प्रश्न पडतो. ‘रंगामध्ये बदल’चंही तसंच. कशाचा काय झाला ते लिहिल्याशिवाय अंतिम बिंदू नीट ओळखला की नाही, हे मला तपासताना कळत नाही. ९.२ मिली या आकड्यावरच पुढचं गणित उभं आहे: ०.०१ मोलर ईडीटीएचा १ मिली म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून ५० मिलीत ९.२ मिलिग्रॅम, लिटरला १८४.

मुलं यावर विचारतात, “सर, ‘आम्ही’ लिहायचं नसतं ना, म्हणून ‘करण्यात आले’ लिहितो.” मराठीत ती अडचणच नाही. भूतकाळातलं सकर्मक क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं: नमुना घेतला, वाचने नोंदवली, द्रावण ढवळले. कर्ता न सांगताही वाक्य पूर्ण होतं. म्हणून ‘मोजले’ हे ‘मोजण्यात आले’ इतकंच तटस्थ आहे.

‘सदर’, ‘सर्वप्रथम’, ‘या ठिकाणी’, ‘च्या साहाय्याने’ हे सरळ काढा. ‘ने’ हा प्रत्यय पुरतो. क्रम वाक्यांच्या ओळीतून कळतो, दर वेळी ‘त्यानंतर’ नको.

आता काय काढायचं नाही ते. ‘अनुमापन’ तसंच ठेवा. तेही नामच आहे, पण ते पद्धतीचं नाव आहे. त्याचं क्रियापद करायला गेलात तर ‘थेंबथेंब सोडत मोजले’ असं लांबडं काहीतरी होईल आणि अर्थही सैल पडेल. ‘तिन्ही अनुमापनांत फरक ०.१ मिलीहून कमी होता’ इथेही नाम योग्य आहे, कारण आपण त्या क्रियेविषयीच बोलतोय.

दुसरी गोष्ट निष्कर्षातली. ‘रंग निळा झाल्याचे दिसून आले’ यातलं ‘दिसून आले’ काढा, कारण रंग तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय. पण ‘तलावात येणाऱ्या सांडपाण्यामुळे दुष्फेनता वाढली असावी’ यातलं ‘असावी’ काढू नका. तुम्ही दुष्फेनता मोजलीत, तिचं कारण मोजलेलं नाही. तिथे ‘वाढली’ असं ठाम लिहिलं, तर तोंडीला परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील, आणि तुमच्याकडे फक्त ब्युरेटचं वाचन असेल.