वेचणीच्या दिवसांत शेळ्या विऊ नयेत म्हणून

प्रश्न : साहेब, आमची २ एकर कोरडवाहू जमीन आहे. कपाशी अन् तूर घेतो. विहिरीचं पाणी १० गुंठ्याला पुरते. वेचणीत मजूर भेटत नाही, मग आम्ही तिघंही दिवसभर वावरात असतो. घरी म्हातारी आई एकटी. जोडधंदा म्हणून पाच शेळ्या ठेवाव्या म्हणतो, पण वेचणीत त्यांच्याकडे पाहील कोण? (शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, शेळ्या ठेवा. रोजचं चारा-पाणी आईला झेपेल, कारण बांधलेल्या पाच शेळ्यांना सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास पुरतात. माणूस अडकतो तो शेळी विते तेव्हा. पिल्लाला पहिल्या तासात चीक पाजावा लागतो, नाळेला आयोडीन लावावं लागतं, अशक्त पिल्लू आईच्या सडाला धरावं लागतं. पहिले आठ-दहा दिवस कोणीतरी जवळ हवंच.

शेळी फळल्यापासून साधारण १५० दिवसांनी विते. बोकड कळपातच असला तर पावसाळ्याच्या तोंडावर, हिरवा पाला मिळू लागताच शेळ्या माजावर येतात अन् नोव्हेंबर-डिसेंबरात, ऐन वेचणीत वितात. म्हणून बोकड १५ सप्टेंबरपर्यंत वेगळा ठेवा आणि तिथून ऑक्टोबरअखेरपर्यंत शेळ्यांत सोडा. माज २१ दिवसांनी फिरून येतो, त्यामुळे दीड महिन्यात प्रत्येक शेळीला दोन संधी मिळतात. वेतं मग फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत होतील. तोवर कपाशी घरात आलेली असते, तुरीची मळणीही उरकत आलेली असते. बोकड सोडण्याआधी पंधरा दिवस प्रत्येक शेळीला रोज २०० ग्रॅम तूरचुनी द्या. जुळी होण्याची शक्यता वाढते. पाच शेळ्यांसाठी स्वतःचा बोकड परवडत नाही, दोन-तीन घरांनी मिळून एक ठेवा अन् दोन वर्षांनी बदला.

दोन वर्षांत तीन वेतं घ्यावीत असं सगळीकडे सांगतात. ज्या घरी माणूस मोकळा आहे त्यांनी घ्यावीत. तुमच्या घराला मी वर्षाला एकच वेत सांगेन, कारण डिसेंबरात मेलेलं पिल्लू जादा वेताचा फायदा खाऊन जातं.

हे वेळापत्रक मोडतं ते घरच्याच नर पिल्लांमुळे. फेब्रुवारीत झालेलं नर पिल्लू जून-जुलैत शेळी फळवू शकतं, अगदी आपल्या आईलाही. तीन महिन्यांची झाली की नर पिल्लं वेगळी बांधा. शेळ्या गावच्या कळपात चरायला सोडल्या तर महिना आपल्या हाती राहत नाही, तेव्हा त्या गोठ्यातच बांधून सांभाळा.

चाऱ्याचा आधार म्हणजे तुरीचं कुटार. थ्रेशर चालू असताना ताडपत्री अंथरून ते गोळा करा, शेजाऱ्याचंही मागून आणा. पाच शेळ्या, पिल्लं धरून, वर्षाला १५ ते २० क्विंटल कोरडा चारा साठवणीत हवा. भिजलेलं, बुरशीचा वास येणारं कुटार घालू नका. दहापैकी पाच गुंठ्यांत दशरथ घास लावा आणि धुऱ्यावर शेवगा, सुबाभूळ. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेवा, जास्त झाला की केस गळतात.

सोयाबीन किंवा तुरीच्या राशीपासून शेळी दूर बांधा. भरपूर धान्य खाल्लेली शेळी रवंथ थांबवते, डावी कूस फुगते, दात करकरवते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.

आता हिशेब. पाच शेळ्यांची सात पिल्लं धरा, एखादं दगावेल असं समजून सहा. त्यांतले तीन बोकड पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात चौदा-पंधरा महिन्यांचे होतील. बकरी ईद येती दोन-तीन वर्षं एप्रिल-मे मध्येच येते आणि कुर्बानीला वर्ष पूर्ण झालेला बोकड लागतो. ३० किलो वजन अन् ३५० रुपये किलो भाव धरला तर तिघांचे ३१,५०० रुपये. चुनी, लस, औषधाचा ६ हजारांच्या आसपास खर्च वजा केला तर २५ हजार उरतात, तेही घरची मेहनत न धरता. शेळ्या घेतल्यावर पहिली जवळपास दोन वर्षं मात्र हाती काही येणार नाही, म्हणून त्यासाठी कर्ज काढू नका. बोकड विकताना कान फाटलेला किंवा शिंग तुटलेलं नसावं, ईदचं गिऱ्हाईक आधी तेच पाहतं.

खरेदी जूनआधी करा. आपल्या भागातली बेरारी जात, एक वेत झालेली, जवळच्या गावातून घ्या. नव्या शेळ्या पंधरा दिवस वेगळ्या बांधा, पावसाआधी आंत्रविषाराची लस द्या, पीपीआरची लस झाली नसेल तर तीही. पावसाळ्यात आईंना एक गोष्ट दाखवून ठेवा : आठवड्यातून एकदा शेळीची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहायचा. लालसर असला तर ठीक. पांढुरका दिसला, किंवा जबड्याखाली मऊ सूज आली, तर पोटात जंत झाले असावेत, त्याच दिवशी दवाखान्यातून औषध आणा.