वजा झालेले २५ हजार आणि न मिळणारी करसवलत

प्रश्न: शेजारच्या मुलाच्या ऑपरेशनसाठी ऑनलाइन निधी गोळा होतोय. मी यूपीआयने २५ हजार भरले. खात्यातून गेले, पण सात दिवस झाले तरी मोहिमेच्या पानावर दिसत नाहीत. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशांतूनच दिले, कारण निम्मे करातून परत मिळतात असं आमच्या विमा एजंटने सांगितलं. पुन्हा भरू का?

उत्तर: ताई, पुन्हा भरू नका.

आधी यूपीआय ॲपमध्ये पैसे घेणाऱ्याचं नाव बघा. तिथे निधी गोळा करणारी कंपनी किंवा तिच्यासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा, म्हणजे पेमेंट गेटवे, नसून अनोळखी माणसाचं नाव असेल, तर आजच बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा. नाव बरोबर असेल, तर व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक मुलाच्या घरच्यांना पाठवा. नुसत्या स्क्रीनशॉटवर त्यांनी विसंबू नये, तो बनवता येतो. स्वतःच्या बँक पासबुकातही त्यांना तुमचे २५ हजार सापडणार नाहीत, कारण अनेकांच्या देणग्या एकत्र करून, शुल्क कापून रक्कम जमा होते. त्यांनी मोहिमेच्या खात्यातली देणगीदारांची यादी पाहावी. तिथेही नोंद नसेल, तर यूटीआर, तारीख आणि रक्कम कंपनीला ईमेलने कळवून गेटवेकडे व्यवहार यशस्वी झाला का, हे लेखी विचारावं. यशस्वी असेल तर पैसे पोचलेत, फक्त पानावरची नोंद राहिली आहे; ती कंपनीने दुरुस्त करायची.

गेटवेकडे पुष्टीच पोचली नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी होती. त्यापुढे उशिराच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बँकेकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या.

मला जास्त काळजी त्या 'निम्मे परत'ची वाटते. एजंटने तुम्हाला सरळसरळ चुकीचं सांगितलं आहे. प्राप्तिकरातली देणगीची सवलत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या रकमेवर मिळते, एका रुग्णासाठी त्याच्या कुटुंबाला दिलेल्या पैशांवर नाही. नव्या करप्रणालीत तर ती मुळीच नाही. आणि सगळं जुळून आलं असतं, तरी निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. साडेबारा हजारांवर २० टक्के दराने वाचले असते साधारण अडीच हजार. तुम्ही साडेबारा हजार धरून बसलात.

म्हणजे हे २५ हजार पूर्णपणे तुमच्या खिशातून गेले. मदत योग्यच होती, पण ती अडीअडचणीच्या पैशांतून झाली. दरमहा अडीच हजारांचं आवर्ती ठेव खातं उघडा, दहा महिन्यांत ते भरून निघतील. आणि याच एजंटने 'करबचत' म्हणून एखादी पॉलिसी विकली असेल, तर तिची कागदपत्रं मला पाठवा.