पंजा बारीक, गुडघे उसळते आणि एमआरआयमध्ये दबलेला मज्जारज्जू: एमएनडी की मानेचा आजार?

प्रश्न: एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहे. यूएमएन-एलएमएनचा तक्ता पाठ आहे, पण वॉर्डात ५४ वर्षांचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्यात दोन्ही प्रकारची चिन्हं दिसतायत. उजवा पंजा आठ महिन्यांपासून बारीक होतोय, शर्टाची बटणं लागत नाहीत. दुखत नाही, मुंग्या नाहीत. दोन्ही गुडघ्यांचे रिफ्लेक्स वाढलेले, उजवा प्लांटर वर. मानेच्या एमआरआयमध्ये सी५-६ची चकती मज्जारज्जूवर टेकलेली. ऑर्थोवाले ऑपरेशन करू म्हणतात, आमचे सर म्हणतात आधी एमएनडीचा विचार करा. नुसत्या तपासणीतून हे कसं ठरवायचं?

उत्तर:

तक्ता बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट धरून चला. एलएमएन चिन्ह पत्ता देतं, यूएमएन चिन्ह फक्त दिशा देतं. स्नायू बारीक झाला, फडफडतोय, त्याचा रिफ्लेक्स गेला, तर बिघाड त्या स्नायूच्याच खंडात, मुळात किंवा नसेत आहे. रिफ्लेक्स उसळतोय, तर बिघाड त्या खंडाच्या वर कुठेतरी आहे. किती वर, हे ते चिन्ह एकट्यानं कधीच सांगत नाही. तुमच्या रुग्णाचा उसळता गुडघा म्हणतो, "एल३-४च्या वर बघा." त्या 'वर'मध्ये छाती, मान, मेंदू सगळं येतं. एमआरआयमध्ये मान दिसली म्हणून बिघाड मानेतच आहे असं होत नाही. पन्नाशी उलटलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये अशी चकती सापडते आणि त्यांना काहीही त्रास नसतो.

आता प्रश्न असा करा: हातातली सगळी चिन्हं एकाच जागेवर बसवता येतात का? मानेत एका ठिकाणी दाब असेल, तर चित्र ठरलेलं असतं. दाबाच्या पातळीवर एलएमएन, त्याच्या खाली यूएमएन आणि त्याच्या वर सगळं ठीक. सी५-६च्या दाबात बायसेप्स आणि सुपिनेटर हे रिफ्लेक्स मंद हवेत, ट्रायसेप्स आणि बोटांचा रिफ्लेक्स वाढलेला हवा, पाय ताठ हवेत. यातलं सर्वांत बोलकं चिन्ह म्हणजे उलटा सुपिनेटर. मनगटाजवळ रेडियसवर हातोडी मारली की कोपर वाकत नाही, बोटं मात्र मिटतात. म्हणजे सी५-६चा खंड मेला आणि त्याखालचा सी८ मोकाट सुटला. हे नीट मिळालं तर माझा कौल मानेच्या बाजूनं जाईल.

तुम्ही बायसेप्सबद्दल काहीच लिहिलेलं नाही. आज जाऊन तेच बघा. तो मंद असेल तर वरचं चित्र जुळतं. उसळता असेल, तर बिघाड सी५च्या वर आहे, आणि मग एमआरआयमधली ती चकती या लक्षणाची धनी होऊ शकत नाही.

दुसरी अडचण पंजाची. पंजातले लहान स्नायू सी८ आणि टी१वर चालतात. सी५-६ची चकती त्यांच्या मुळांना थेट धरत नाही. पण इथे घाई नको. मानेत वरच्या पातळीवर, अगदी फोरामेन मॅग्नमपाशी दाब असला तरी पंजा बारीक होऊ शकतो. म्हणून 'पातळी जुळत नाही, म्हणजे एमएनडी' हा निष्कर्ष काढू नका. त्यापेक्षा पंजा कुठे बारीक झालाय ते बघा.

तीन जागा तपासा: अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा, हाताच्या मागे अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला पहिला डॉर्सल इंटरऑसियस, आणि करंगळीच्या कडेचा एडीएम. एएलएसमध्ये पहिल्या दोन जागा खचतात आणि करंगळीची कड बरीच टिकून राहते. याला स्प्लिट हँड म्हणतात. गंमत अशी, की इंटरऑसियस आणि एडीएम दोन्ही अल्नार नसेवर आणि दोन्ही सी८-टी१वर. अल्नार नस गेली तर दोघं जातील आणि अंगठ्याचा उंचवटा बराचसा वाचेल. मुळं गेली तर तिन्ही जातील. एकाच नसेचा, एकाच मुळाचा एक स्नायू गेला आणि शेजारचा राहिला, हे नस किंवा मूळ यांच्या हिशेबात बसत नाही. आजार खूप पुढे गेला की सगळाच पंजा सपाट होतो आणि हा फरक पुसला जातो. आठ महिन्यांत तो बहुधा अजून दिसेल.

त्याच हातात आणखी एक गोष्ट तपासा. बारीक झालेल्या स्नायूचा रिफ्लेक्स नियमाप्रमाणे मंद किंवा गायब व्हायला हवा. तो नुसता 'नॉर्मल' मिळाला, तरी तो यूएमएन चिन्ह म्हणून धरायचा. खचलेल्या पंजाच्या हातात बोटांचा रिफ्लेक्स जोरदार मिळणं, म्हणजे एकाच खंडात दोन्ही चिन्हं एकत्र असणं, हा एएलएसचा गाभा आहे. विद्यार्थी इथेच चुकतात: कागदावर २+ लिहितात आणि पुढे जातात.

आता मानेच्या वर चला, कारण खरा निकाल तिथे लागतो. मानेचा कुठलाही दाब जबड्याचा रिफ्लेक्स वाढवू शकत नाही. त्याचं वर्तुळ पॉन्समध्ये पूर्ण होतं. रुग्णाला तोंड अर्धवट उघडून जबडा सैल सोडायला सांगा, हनुवटीवर स्वतःचं बोट ठेवा आणि त्यावर खालच्या दिशेनं हलकं मारा. जबडा झटकन मिटला, तर बिघाड पॉन्सच्या वर पोचलेला आहे. मात्र काही माणसांचे सगळेच रिफ्लेक्स जन्मजात चपळ असतात, त्यांचा जबडाही थोडा उडतो. तुमच्या रुग्णाचा प्लांटर वर आहे, त्यामुळे ही शंका इथे कमी, पण एकट्या जबड्यावर निदान उभं करू नका.

जीभ तोंडातच ठेवून बघा. बाहेर काढलेली जीभ निरोगी माणसाचीही थरथरते आणि ते थरथरणं फॅसिक्युलेशन म्हणून लिहिलं जातं. टॉर्च लावा, जीभ तोंडाच्या तळाशी सैल पडू द्या आणि अर्धा मिनिट नुसतं बघत राहा. कडा खाचा पडल्यासारख्या दिसतात का, पृष्ठभाग वळवळतो का? मग उताणं झोपवून डोकं उशीवरून उचलायला लावा. मान वाकवणारे स्नायू कमजोर निघाले, तर तेही सी५-६च्या वरचं आहे.

फॅसिक्युलेशन बघण्यासाठी शर्ट-बनियन काढायला लावा. दोन्ही खांदे, पाठ, छाती, मांड्या, प्रत्येक जागी एक मिनिट, आणि खोली गार नको, कारण कुडकुडणं फसवतं. डाव्या खांद्यावर किंवा मांडीवर फडफड मिळाली, तर एलएमएनचा दुसरा पत्ता मिळाला. नुसती पोटरी फडफडणं, तेही जोर शाबूत असताना, याला फारशी किंमत देऊ नका. ते निरोगी लोकांतही असतं.

संवेदना अगदी काटेकोर तपासा. दाब असलेल्या मज्जारज्जूत बहुधा कुठेतरी संवेदनेची गडबड सापडते: पायाच्या अंगठ्यावर १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कचं कंपन कमी, डोळे मिटल्यावर तोल जाणं, मान वाकवल्यावर पाठीतून विजेचा झटका, हातात मुंग्या. लघवीची घाई विचारा. एएलएसमध्ये संवेदना, डोळ्यांची हालचाल आणि लघवीवरचा ताबा सहसा वाचतो. वेदना आणि मुंग्या नाहीत ही तुमची माहिती म्हणूनच मोलाची, पण ती रुग्णानं सांगितलेली आहे, फोर्क लावून मिळालेली नाही. कंपन हरवलेलं निघालं तर बी१२ आवर्जून पाठवा. विशेषतः गुडघे उसळते, घोटे गायब आणि प्लांटर वर, अशी जोडी दिसली तर.

प्लांटरबद्दल एक अट. अंगठा वर उचलणारा स्नायूच गेला असेल, तर यूएमएन बिघाड असूनही अंगठा वर येणार नाही. दुसऱ्या पायाचा प्लांटर खाली येतोय असं लिहिण्याआधी अंगठ्याचा जोर तपासून घ्या.

यानंतर ईएमजी मागवा, पण सुई कुठे घालायची ते फॉर्मवर लिहा. नुसता उजवा हात तपासून आला, तर डीनर्व्हेशन दिसेलच आणि त्यातून काहीच कळणार नाही. स्टर्नोमॅस्टॉइड किंवा जीभ, छातीच्या पातळीवरचे पाठीचे पॅरास्पायनल स्नायू आणि एक पाय, एवढं हवंच. छातीची पातळी मी मुद्दाम सांगतोय: कमरेच्या चकत्याही या वयात झिजलेल्या असतात, त्यामुळे पायातले बदल कमरेवर ढकलता येतात. छातीच्या मणक्यांत असा दाब क्वचितच असतो. तिथे डीनर्व्हेशन मिळालं, तर मानेची चकती गप्प बसते. सोबत मोटर नसांच्या तपासणीत कंडक्शन ब्लॉक शोधायला सांगा. मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथीतही संवेदना शाबूत ठेवून पंजा खचतो, आणि तिला इम्युनोग्लोब्युलिननं फरक पडतो. तुमच्या रुग्णाचा प्लांटर वर आहे, म्हणून ती शक्यता मागे पडते, पण तपासणी करताना वेगळा खर्च लागत नाही.

निदानासाठी २०२०चे गोल्ड कोस्ट निकष वापरतात: वाढत जाणारी कमजोरी, एका विभागात यूएमएन आणि एलएमएन दोन्ही किंवा दोन विभागांत एलएमएन, आणि दुसरं कारण नाही. विभाग चार: बल्बर, मान, छाती, कंबर. तुमचा रुग्ण पहिल्या दोन अटी मानेच्या एकाच विभागावर पूर्ण करू शकेल, पण तिसरी अट त्याच एमआरआयवर अडते. म्हणून मानेबाहेरचा पुरावा मिळेपर्यंत निदान लिहू नका.

(हाच पंजा विशीतल्या मुलाचा असता, पाय आणि प्लांटर शांत असते, तर आधी हिरायामा आजार डोक्यात आला असता, आपल्याकडे तो विरळा नाही. त्यात ब्रॅकिओरेडियालिस वाचतो आणि मान वाकवून काढलेला एमआरआय लागतो.)

ऑर्थोच्या सहकाऱ्यांशी बोलताना 'एमएनडी वाटतोय' एवढंच म्हणू नका. बायसेप्स, जबडा, जीभ, कंपन आणि छातीचा ईएमजी ही पाच उत्तरं समोर ठेवा. दाबाची सगळी चिन्हं जुळली, तर ऑपरेशन लांबवणं रुग्णाच्या हिताचं नाही. बायसेप्स आणि जबडा दोन्ही उसळते, कंपन शाबूत आणि छातीत डीनर्व्हेशन असेल, तर चकती काढून कमजोरी थांबणार नाही, हे नातेवाइकांना ऑपरेशनआधी कळायला हवं. आणि दोन्ही आजार एकाच माणसात असूही शकतात. उत्तरं अर्धवट आली आणि दाबाची चिन्हं झपाट्यानं वाढत नसतील, तर प्रत्येक स्नायूचा एमआरसी ग्रेड आणि प्रत्येक रिफ्लेक्स तारखेसह लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी, शक्यतो स्वतःच, पुन्हा तपासा.